मथळा जाईल तिथे पट्टी: यशोगाथेच्या रूपातली जाहिरात कशी छापावी

द्राक्षाची ऑक्टोबर छाटणी जवळ आली की नाशिकमधल्या वृत्तपत्रांच्या जाहिरात विभागांत एक ठरावीक साच्याचा मजकूर फिरायला लागतो. निफाड, दिंडोरी किंवा चांदवड तालुक्यातला एक बागायतदार, बागेत उभा राहून काढलेला फोटो, मागे लगडलेले घड आणि वर मथळा: ‘काटेकोर नियोजनातून एकरी विक्रमी उत्पादन’. चौथ्या परिच्छेदात एका फवारणीच्या औषधाचं नाव येतं, सातव्यात ते पुन्हा येतं आणि शेवटी ‘अधिक माहितीसाठी संपर्क’ म्हणून मोबाइल नंबर असतो. हा मजकूर कंपनीने पैसे देऊन छापून घेतलेला असतो. वाचणारा मात्र ती शेजारच्या गावची बातमी समजतो आणि हंगामाच्या तोंडावर त्याच भरवशावर दुकानात जाऊन औषध घेतो.

प्रायोजित मजकुराचे प्रकार पुष्कळ आहेत. गंगापूर रोडवरच्या गृहप्रकल्पांपासून क्लासेसच्या निकालांपर्यंत सगळं त्यात येतं. या लेखासाठी मी मुद्दाम यशोगाथा घेतली आहे. फ्लॅटची जाहिरात लोक दुरूनही ओळखतात. यशोगाथा ओळखू येत नाही, कारण खऱ्या यशोगाथाही आपण त्याच साच्यात छापतो. डेस्कवर नव्याने आलेले उपसंपादक, तालुका प्रतिनिधी आणि एकट्याने न्यूज पोर्टल चालवणारे यांच्यासाठी हा लेख आहे. या एका मजकुराचा कागदापासून व्हॉट्सॲपपर्यंतचा प्रवास नीट सांभाळता आला, तर बाकीचे प्रकार जड जात नाहीत.

आधी पैसा शोधा

मजकुरावर ‘जाहिरात’ अशी पट्टी लावायची की नाही, हे तो वाचून ठरत नाही. ते व्यवहार बघून ठरतं. म्हणून पहिला प्रश्न जाहिरात विभागाला विचारायचा: याची रिलीज ऑर्डर आहे का? जाहिरातदाराची ही लेखी ऑर्डर, म्हणजे आरओ, असेल, बिल निघणार असेल, तर ती जाहिरात आहे. मग मजकूर कितीही बातमीसारखा असो, त्यातला शेतकरी कितीही खरा असो.

गोंधळ होतो तो आरओ नसतानाच्या व्यवहारात. कंपनीने दिवाळीच्या पुरवणीत अर्धं पान घेतलं आणि ‘सोबत एक बातमी लावून द्या’ असं तोंडी ठरलं. बातमीचं वेगळं बिल नाही, त्यामुळे डेस्कला वाटतं की ही साधी बातमीच आहे. प्रेस कौन्सिलने 2010 मध्ये पेड न्यूजची जी व्याख्या केली, तिच्यात मोबदला रोख असो की वस्तूरूपात, दोन्ही धरलेले आहेत. जाहिरातीच्या बदल्यात मिळालेली ‘मोफत’ बातमी यात बसते. कंपनीच्या खर्चाने केलेला दौरा, वायनरीतला फुकट मुक्काम, मेळाव्यात मिळालेली भेटवस्तू यांच्या बदल्यात ठरवून लिहिलेला मजकूरही बसतो.

तालुक्याच्या ठिकाणी आणखी एक अडचण असते आणि ती उघडपणे बोलली जात नाही. बातमी पाठवणारा आणि पुरवणीसाठी जाहिराती गोळा करणारा माणूस बहुतेक वेळा एकच असतो. त्याला जाहिरातीवर कमिशन मिळतं, बातमीवर नगण्य मानधन. अशा प्रतिनिधीने कृषी कंपनीशी संबंधित काहीही पाठवलं, तर ‘या कंपनीकडून या महिन्यात जाहिरात घेतली आहे का?’ हे डेस्कने विचारायलाच हवं. त्यात त्याच्यावर अविश्वास दाखवण्याचा प्रश्न नाही. रचनाच तशी आहे आणि ती बदलणं त्याच्या हातात नाही.

पैसा सापडला की पुढचा प्रश्न ताब्याचा: छापण्याआधी कंपनी मजकूर वाचणार आहे का? ती एखादं वाक्य काढायला लावू शकते का? शेतकरी कोणी निवडला? यातल्या एकाचंही उत्तर कंपनीच्या बाजूने गेलं तर ती जाहिरात. क्वचित उलटंही असतं. एखादी बँक ‘शेतीचं पान’ वर्षभर प्रायोजित करते, पण त्यात काय यायचं हे संपादकच ठरवतात आणि बँकेला पान छापून आल्यावरच दिसतं. तिथे ‘या पानाचे प्रायोजक: अमुक बँक. मजकूर संपादकीय विभागाचा’ असं लिहिता येतं. पण हे वाक्य खरं असेल तरच. बँकेच्या व्यवस्थापकाचा फोन आल्यावर कर्जबाजारीपणावरची एक बातमी त्या पानावरून हलली, तर त्या दिवसापासून हे वाक्य खोटं झालं.

नव्या माणसाचा इथे आणखी एक घोटाळा होतो. प्रेसनोट म्हणजे जाहिरात नव्हे. कृषी विद्यापीठाने किंवा एखाद्या कंपनीने पाठवलेली, पैसे न घेता छापलेली प्रेसनोट ही बातमीच आहे. तिच्यात फक्त ‘कंपनीने प्रसिद्धीपत्रकात म्हटले आहे’ एवढं स्वच्छ लिहायचं. तिला ‘जाहिरात’ म्हणणंही चुकीचंच.

पट्टीवर काय लिहायचं

‘जाहिरात’ लिहा. मराठी वाचकाला यापेक्षा स्पष्ट शब्द मिळणार नाही आणि जाहिरातदाराला न आवडणारा शब्दही हाच आहे. या दोन गोष्टींचा एकमेकींशी संबंध आहे. ‘मीडिया इनिशिएटिव्ह’, ‘ब्रँड स्टोरी’, ‘इम्पॅक्ट फीचर’, ‘विशेष उपक्रम’ या शब्दांवरून पैसे कोणी दिले हे पिंपळगाव बसवंतच्या बाजार समितीत उभ्या असलेल्या माणसाला कळत नाही. ‘प्रायोजित’ चालेल, पण मी तो शब्द वर सांगितलेल्या बँकेच्या पानासारख्या प्रकारासाठी राखून ठेवतो. ‘सौजन्य’ नको. फोटोखालीही आपण सौजन्य लिहितो, त्यामुळे त्या शब्दातून व्यवहार दिसत नाही.

दोन जुन्या सवयी मोडायला हव्यात. एक म्हणजे कोपऱ्यात रोमन लिपीतली बारीक चार अक्षरं, ज्यांचा अर्थ जाहिरात असा होतो हे छापणाऱ्यालाच माहीत. केंद्र सरकारने जून 2022 मध्ये दिशाभूल करणाऱ्या जाहिरातींबाबत जी मार्गदर्शक तत्त्वं काढली, त्यांत दाव्याला जोडलेला खुलासा दाव्याच्याच भाषेत आणि त्याच अक्षरप्रकारात असावा असं म्हटलं आहे. जाहिरात क्षेत्राची स्वनियमन संस्था एएससीआय हिनेही 2021 मध्ये इन्फ्लुएन्सर जाहिरातींसाठी नियम केले. त्यांत लेबल इंग्रजीत चालतं, किंवा जाहिरातीच्या भाषेत सामान्य ग्राहकाला समजेल असं. मजकूर मराठीत असेल तर लेबल मराठीतच ठेवावं, हे माझं मत.

दुसरी सवय ‘वाणिज्य प्रतिनिधी’ किंवा कंसातल्या ‘वा. प्र.’ची. ही खूण पैसे घेतलेल्या मजकुराची आहे, असं धंद्यातली माणसं एकमेकांना सांगतात. वाचकाला ते कोणी सांगितलेलं नाही. त्याला ती एका वार्ताहराची बायलाइन वाटते.

पट्टीखाली किंवा मजकुराच्या सुरुवातीला एक-दोन वाक्यांचा खुलासा हवा. तो असा लिहिता येईल: ‘हा मजकूर अमुक कंपनीने पैसे देऊन प्रसिद्ध केला आहे. मजकूर व छायाचित्रे कंपनीने पुरवली असून, आमच्या वार्ताहरांनी त्यातील दाव्यांची पडताळणी केलेली नाही.’ मजकूर आपल्याच जाहिरात विभागातल्या लेखकाने कंपनीच्या सांगण्यावरून लिहिला असेल, तर ‘कंपनीने पुरवला’ म्हणू नका. ‘आमच्या जाहिरात विभागाने कंपनीसाठी तयार केला’ असं म्हणा. खुलाशातच खोटं लिहायचं असेल तर खुलाशाची गरजच उरत नाही.

छापील पान

आपलं उदाहरण घेऊ. अर्ध्या पानाची यशोगाथा आहे, चार फोटो, मथळा 48 पॉइंटचा. जाहिरात विभागाने आणलेल्या मजकुरावर ‘दिंडोरी : प्रतिनिधी’ अशी डेटलाइन आहे. ती आधी उडवा. मराठी वृत्तपत्राच्या वाचकासाठी बातमीची सर्वांत मोठी खूण तीच आहे, मथळ्यापेक्षाही मोठी. वार्ताहराचं नाव असेल तर तेही उडवा. त्या वार्ताहराने हौसेने लिहिलं असलं तरी.

मग पट्टी. ती मथळ्याच्या वर, डाव्या बाजूला, जिथून डोळा वाचायला सुरुवात करतो तिथे. मी पाळत आलेला अंदाज असा: पट्टीची अक्षरं मथळ्याच्या निदान एक तृतीयांश असावीत, म्हणजे इथे सोळा-अठरा पॉइंट, गडद पार्श्वभूमीवर पांढरी किंवा उलट. फिकट राखाडीवर राखाडी पट्टी लावली तर नियम पाळल्याचं समाधान मिळतं. वाचकाला काहीच मिळत नाही. संपूर्ण मजकुराला ठळक चौकट, बॉडीचा फाँट बातम्यांपेक्षा वेगळा आणि रकान्यांची रुंदीही वेगळी ठेवा. आठ रकान्यांच्या पानावर बातम्या आठाच्या मापात असतील, तर हा मजकूर तीन रुंद रकान्यांत लावा. बातमीचं अंग त्याला मिळू देऊ नका.

पानाच्या माथ्यावरची पट्टी विसरली जाते. पूर्ण पान जाहिरातीचं असेल आणि माथ्यावर ‘नाशिक ग्रामीण’ असं नेहमीचं नाव असेल, तर खालची पट्टी कितीही मोठी असली तरी पान बातम्यांचंच दिसतं. माथ्यावरही ‘जाहिरात’ हवं, आणि मजकूर चार पानांचा असेल तर चारही पानांवर हवं. पहिल्या पानावर एकदा लिहून पुढची तीन मोकळी सोडणं ही पळवाट आहे. पुरवणी घरात वेगवेगळ्या हातांत फाटून जाते हे आपल्याला माहीत असतं.

पान सोडण्याआधी एक छोटी परीक्षा घ्या. पान न पाहिलेल्या कोणालाही बोलवा. अकाउंट्समधला माणूस चालेल, शिपाई चालेल, प्रिंटरकडचा मुलगा तर उत्तमच. त्याला पान काही सेकंद दाखवा आणि झाका. ‘ही जाहिरात आहे का?’ असं विचारू नका, प्रश्नातच उत्तर येतं. विचारा: ‘हे कोणी लिहिलंय?’ तो ‘पेपरवाल्यांनी’ म्हणाला तर पट्टी पुन्हा लावा.

कात्रण, ई-पेपर आणि फॉरवर्ड

बहुतेक चुका इथे होतात, त्यामुळे इथे जरा थांबू.

यशोगाथा छापून आली की त्या गावातले लोक तिचा फोटो काढतात आणि द्राक्ष बागायतदारांच्या ग्रुपवर टाकतात. कंपनीचा विक्री प्रतिनिधीही टाकतो, आणि तो तर मुद्दाम पट्टी कापून टाकतो. खाली लिहितो, ‘अमुक पेपरची बातमी वाचा’. पान हातात घेऊन वाचणाऱ्यांपेक्षा हे कात्रण पाहणारे जास्त असू शकतात. म्हणून पट्टी मजकुराच्या कडेला असून उपयोग नाही. चौकटीच्या आत, मथळ्याला चिकटून ठेवा, म्हणजे ती कापायची तर मथळाही कापावा लागेल. आणखी एक लहान ‘जाहिरात’ मुख्य फोटोच्या आत, फोटोओळीच्या जागी टाका.

ई-पेपरमध्ये वेगळीच गंमत होते. ई-पेपर तयार करताना प्रत्येक बातमीभोवती एक चौकोन आखला जातो. वाचकाने बातमीवर क्लिक केलं की तेवढाच चौकोन उघडतो आणि तेवढाच शेअर होतो. चौकोन आखणारा माणूस सवयीने मथळ्याच्या वरच्या कडेपासून सुरुवात करतो. पट्टी मथळ्याच्या वर असेल तर ती चौकोनाबाहेर राहते. छापील पान निर्दोष असतं, ई-पेपरचं कात्रण पट्टीविना फिरतं, आणि कोणी मुद्दाम काही केलेलं नसतं. उपाय साधा आहे. रात्री ई-पेपर चढवणाऱ्याला जाहिरात-मजकुरांची यादी द्या आणि सकाळी त्यातला प्रत्येक मजकूर स्वतः मोबाइलवर क्लिक करून बघा.

वेबसाइट

वेबवर लेखाच्या पानावर पट्टी असते, पण वाचक तिथे पोहोचण्याआधी मथळा इतर जागी फिरून आलेला असतो: होमपेजवर, ‘सर्वाधिक वाचलेले’मध्ये, लेखाखालच्या ‘संबंधित बातम्यां’मध्ये, गुगलच्या निकालांत, नोटिफिकेशनमध्ये. मथळा जाईल तिथे पट्टी जायला हवी. त्याचा सोपा मार्ग म्हणजे ती मथळ्याच्या मजकुरातच घालणं:

```html
<title>जाहिरात: द्राक्षबागेत एकरी उत्पादन कसे वाढले</title>
<meta property="og:title"
  content="जाहिरात: द्राक्षबागेत एकरी उत्पादन कसे वाढले">
<a href="https://example.com" rel="sponsored">उत्पादनाची माहिती</a>
```

पहिली ओळ ब्राउझरच्या टॅबसाठी आणि शोधनिकालांसाठी. `og:title` म्हणजे व्हॉट्सॲप आणि फेसबुकवर लिंक टाकल्यावर दिसणारा मथळा. आणि `rel="sponsored"` ही गुगलसाठीची खूण, की ही लिंक पैसे घेऊन दिलेली आहे. गुगलने ही खूण 2019 मध्ये आणली. तिच्याविना विकलेल्या लिंका गुगलच्या स्पॅम धोरणात अडकतात आणि त्याची झळ साइटच्या इतर बातम्यांनाही बसू शकते. प्रायोजित मजकूर स्वतंत्र बातमी म्हणून दाखवणं गुगल न्यूजच्या धोरणातही बसत नाही. त्यामुळे असे लेख न्यूज साइटमॅपमधून बाहेर ठेवा. लेखाचा प्रकार सांगणाऱ्या स्कीमामध्ये सवयीने `NewsArticle` पडलेलं असतं. त्याऐवजी `AdvertiserContentArticle` टाका. हा प्रकार याच कामासाठी आहे.

‘संबंधित बातम्या’ हा भाग आपोआप भरतो, म्हणून तो सर्वांत धोक्याचा. डाऊनी रोगाच्या प्रादुर्भावावरची खरी बातमी वाचणाऱ्याला खाली पहिली लिंक त्याच औषधाच्या यशोगाथेची दिसते, कारण दोन्हींचा टॅग ‘द्राक्ष’ आहे. प्रायोजित विभागातले लेख या यादीतून वगळायला वेबवाल्याला सांगा. त्याला फार वेळ लागणार नाही.

लिंकसोबत जाणाऱ्या चित्रावरही पट्टी हवी. इथे एक बारकावा आहे. चित्र आडवं बनवलं, साधारण 1200 बाय 630 पिक्सेलचं, तरी व्हॉट्सॲपवर ते पुष्कळदा लहान चौकोनात कापून दिसतं. डाव्या कोपऱ्यात टाकलेली पट्टी त्यात गायब होते. ती मधल्या भागात, वरच्या बाजूला टाका आणि लेख प्रसिद्ध करण्याआधी लिंक स्वतःलाच पाठवून बघा. पट्टी राहून गेली आणि नंतर घातली, तर फेसबुकच्या `Sharing Debugger`मध्ये जाऊन `Scrape Again` करावं लागतं. नाहीतर जुनाच मथळा फिरत राहतो. व्हॉट्सॲपवर आधीच गेलेले संदेश बदलता येत नाहीत, म्हणून ‘आधी टाकू, पट्टी नंतर लावू’ हे इथे चालत नाही.

व्हिडिओ

यशोगाथेचा व्हिडिओ असेल तर यूट्यूब स्टुडिओमध्ये पेड प्रमोशनची चौकट टिचकावा. मग सुरुवातीचे दहा सेकंद `Includes paid promotion` असं दिसतं. तेवढ्यावर थांबू नका. एएससीआयच्या नियमांत पंधरा सेकंदांपर्यंतच्या व्हिडिओत लेबल निदान तीन सेकंद, दोन मिनिटांपर्यंतच्या व्हिडिओत एक तृतीयांश वेळ आणि त्याहून मोठ्या व्हिडिओत ज्या भागात उत्पादनाचा उल्लेख आहे त्या संपूर्ण भागभर दिसायला हवं. शेतकऱ्याच्या मुलाखतीत उत्पादन अधूनमधून येत राहतं, तेव्हा मी म्हणेन की पट्टी पूर्णवेळ ठेवून मोकळे व्हा. आणि आपल्या वाहिनीचा बूम माइक जाहिरातीच्या व्हिडिओत शेतकऱ्यासमोर धरू नका. त्या माइकवरच्या लोगोपुढे कोणतीही पट्टी फिकी पडते.

पट्टी लावली म्हणजे दावा खरा होत नाही

पट्टी वाचकाला सांगते की बोलतंय कोण. तो खरं बोलतोय का, हा प्रश्न उरतोच. प्रेस कौन्सिलच्या आचारसंहितेत जाहिरातींसह सर्व मजकुराला संपादक जबाबदार धरला आहे. म्हणून आपल्या यशोगाथेतली तीन वाक्यं जाहिरात विभागाकडे परत पाठवा.

पहिलं, ‘उत्पादनात दुप्पट वाढ’. कोणत्या वर्षाच्या तुलनेत, किती क्षेत्रावर, आणि मधल्या वर्षी गारपीट झाली होती का? आधार कागदावर मागा. दुसरं, औषधाचं नाव आणि फवारणीचं वेळापत्रक. कीडनाशक किंवा बुरशीनाशक असेल तर द्राक्षासाठी त्याचं लेबल क्लेम, म्हणजे त्या पिकावर वापराची अधिकृत मान्यता, आहे का, हे पुण्यातल्या मांजरी इथल्या राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्राच्या यादीत पाहता येतं. काढणीआधी किती दिवस फवारणी थांबवायची, तेही तिथेच मिळतं. हे बघणं आपलं काम नाही असं वाटत असेल तर 2010 चा हंगाम आठवा. क्लोरमेक्वाट क्लोराइड या वाढनियंत्रकाच्या अवशेषांमुळे आपली द्राक्षं युरोपात अडकली होती. तिसरं, ‘शंभर टक्के रोगमुक्त’. हे वाक्य काढून टाकायला कोणताही पुरावा मागायची गरज नाही.

2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्यात दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीसाठी दहा लाख रुपयांपर्यंत दंड आहे. आपल्या नेहमीच्या व्यवसायाचा भाग म्हणून जाहिरात छापणाऱ्याला त्यात बचाव आहे. पण जाहिरात बातमीच्या वेशात छापली, तर हा बचाव कितपत टिकेल याबद्दल मला शंका वाटते.

‘पट्टी जरा लहान करा ना’

हा संवाद होणारच. जाहिरात प्रतिनिधी येऊन म्हणतो, ‘साहेब, पार्टी जुनी आहे. पट्टी जरा खाली घ्या, ते पंधरा टक्के वाढवून द्यायला तयार आहेत.’ नव्या उपसंपादकाने यावर वाद घालू नये, कारण ज्याच्या जाहिरातींतून त्याचा पगार निघतो, त्याच माणसाशी तो वाद आहे. त्याच्या हातात कागद असायला हवा. रेट कार्डवर आणि आरओच्या मागे एक ओळ छापून घ्या: ‘संपादकीय स्वरूपाच्या सर्व जाहिरातींवर “जाहिरात” ही पट्टी ठरलेल्या आकारात व ठरलेल्या जागी राहील. त्यात बदल केला जाणार नाही.’ मग उपसंपादकाला एवढंच म्हणावं लागतं, ‘दादा, ऑर्डरच्या मागे बघा, त्यांनी सही केलेली आहे.’ जाहिरातदार पंधरा टक्के जास्त द्यायला तयार आहे, यावरूनच पट्टीविना छापलेल्या मजकुराची त्याच्या लेखी किंमत कळते. ते जास्तीचे पैसे तो वाचकाच्या गैरसमजासाठी देतोय.

एका बाबतीत मी उपसंपादकाला स्वतःच्या अधिकारात काही ठरवू देणार नाही: निवडणूक. उमेदवाराचा मजकूर आला की तो थेट संपादकांकडे. 2009 च्या विधानसभा निवडणुकीत महाराष्ट्रातल्या एकमेकांशी स्पर्धा करणाऱ्या वृत्तपत्रांत शब्द न शब्द सारखे लेख वेगवेगळ्या नावांनी छापून आले होते. त्यानंतर परंजॉय गुहा ठाकुर्ता आणि के. श्रीनिवास रेड्डी यांच्या उपसमितीने प्रेस कौन्सिलसाठी पेड न्यूजवर सविस्तर अहवाल लिहिला. आता निवडणुकीच्या काळात जिल्हा पातळीवरची माध्यम प्रमाणीकरण व संनियंत्रण समिती असा मजकूर तपासते आणि पेड न्यूज ठरली तर तिचा खर्च उमेदवाराच्या हिशोबात धरला जातो. पट्टी लावली तरी खर्च सुटत नाही.

पट्टी राहूनच गेली तर

सकाळी लक्षात आलं की यशोगाथा पट्टीविना छापली गेली. पहिलं काम ई-पेपर आणि वेबवरचा मजकूर. तो काढून टाकू नका, कारण काढला तर फिरणाऱ्या लिंका मरतात आणि कात्रणं तेवढी उरतात. पट्टी घाला, मथळ्यात शब्द घाला आणि लेखाच्या तळाशी लिहा की ही दुरुस्ती कोणत्या तारखेला केली. मग ज्या ग्रुपवर आपण स्वतः लिंक टाकली होती, तिथे नवी लिंक टाका आणि वर एक ओळ लिहा. छापील अंकात दुसऱ्या दिवशी त्याच पानावर, शक्यतो त्याच जागी, मथळ्यासह चौकट द्या. आतल्या पानावर कोपऱ्यात दिलेला खुलासा देऊन न दिल्यासारखाच. शब्द असे ठेवता येतील:

‘खुलासा: काल या पानावर प्रसिद्ध झालेला “काटेकोर नियोजनातून एकरी विक्रमी उत्पादन” हा मजकूर बातमी नसून जाहिरात होती. अमुक कंपनीने त्यासाठी पैसे दिले होते. त्यातील उत्पादनवाढीच्या आणि औषधाच्या परिणामकारकतेच्या दाव्यांची आम्ही पडताळणी केलेली नाही. “जाहिरात” असा उल्लेख आमच्याकडून राहून गेला.’

कंपनीचं नाव या खुलाशातून गाळा असा फोन दुपारपर्यंत येईल. नाव ठेवा. औषध त्याच नावाने दुकानात विकलं जातंय.